स्वस्त कॉम्प्रेसर, महाग कॉम्प्रेसर आणि वर्षाचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत कास्टिंग साच्यातून बाहेर पडलं, वाळू झाडून झाली, की ते फेटलिंगला जातं. तिथे हवेवर चालणारे ग्राइंडर त्याचे कंगोरे घासून काढतात. मोल्डिंगची यंत्रं हवेवर चालतात, साच्यातली सुटी वाळू हवेच्या झोतानेच उडवली जाते. ही सगळी हवा एका कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरमधून येते. तो बंद पडला तर निम्मं काम थांबतं, म्हणून जुना कॉम्प्रेसर कुरकुरू लागला की मालक नव्याची कोटेशनं मागवतात. आणि बहुतेक वेळा टेबलावर दोन कागद येतात, ज्यांची तुलना सरळ करता येत नाही.

एक कागद पिस्टन कॉम्प्रेसरचा असतो. किंमत कमी, दुरुस्ती गावातला मिस्त्रीही करतो, पण वीज जास्त खातो आणि लवकर झिजतो. दुसरा स्क्रू कॉम्प्रेसरचा. किंमत अडीच पट, आयुष्य दुप्पट, वीज कमी. मात्र त्याचं तेल, फिल्टर आणि सेपरेटर ठरलेल्या तासांनी बदलावेच लागतात आणि ते स्वस्त नसतात. यातला कुठला घ्यावा?

हिशेबासाठी एक नमुना घेऊ. फाउंड्री एका पाळीत चालते, वर्षाला २,४०० तास. हवेची सरासरी गरज ४० सीएफएम, म्हणजे मिनिटाला सुमारे १,१३० लिटर. दोन्ही यंत्रं १५ हॉर्सपॉवरची आहेत. पिस्टनची किंमत १,८०,००० रुपये आणि आयुष्य ५ वर्षं. स्क्रूची किंमत ४,५०,००० आणि आयुष्य १० वर्षं. वीज ९ रुपये युनिट धरू. पिस्टनला वर्षाला २७,००० युनिटं लागतात, स्क्रूला २२,५००. व्हॉल्व्ह, रिंगा, पट्टे आणि तेल धरून पिस्टनची देखभाल वर्षाला ३२,००० रुपये, स्क्रूची ४७,५००. बेरीज केली की पिस्टन चालवायला वर्षाला २,७५,००० रुपये लागतात आणि स्क्रू चालवायला २,५०,०००. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. प्रत्येक कारखान्याने ते आपल्या कोटेशनमधून आणि वीजबिलातून भरायचे. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर किंमत जीएसटी वगळून घ्यायची.

पहिला मोह असतो तो यंत्राच्या आयुष्यभराचा एकूण खर्च काढून बघण्याचा. तसं केलं तर स्क्रूचा खर्च पिस्टनच्या कितीतरी वर जातो आणि पिस्टनवाल्याचा चेहरा खुलतो. पण ही तुलनाच चुकीची आहे. एका बाजूला पाच वर्षांची हवा आहे, दुसऱ्या बाजूला दहा वर्षांची. पिस्टन पाच वर्षांनी भंगारात गेला, की सहाव्या वर्षी फाउंड्रीला हवा लागणार नाही असं नाही. तेव्हा दुसरा कॉम्प्रेसर घ्यावाच लागेल आणि तो खर्च या बेरजेत कुठेच नाही.

दुसरा मोह त्याहून शहाणा वाटतो. किंमत भागिले आयुष्य. पिस्टनचे वर्षाला ३६,०००, स्क्रूचे ४५,०००. त्यात चालवण्याचा खर्च मिळवला की पिस्टन वर्षाला ३,११,००० रुपयांना पडतो आणि स्क्रू २,९५,००० ला. म्हणजे स्क्रू घेतला तर वर्षाला १६,००० वाचले. बहुतेक कारखान्यांत हिशेब इथेच संपतो, आणि तो निम्मा बरोबर असतो. वर्षाचा खर्च काढला, हे बरोबर. पण स्क्रूसाठी आज जास्तीचे २,७०,००० रुपये गुंतवावे लागतात आणि ते दहा वर्षांत हळूहळू वसूल होतात. तेवढ्या काळात त्या पैशावर व्याज चढतं. कर्ज काढलं असेल तर बँक ते घेते. पदरचे पैसे असतील तर तेच पैसे कच्च्या मालात किंवा ठेवीत घालून जे मिळालं असतं ते बुडतं. सरळ भागाकारात हे व्याज गायब होतं. आणि ते ज्या यंत्रात पैसा जास्त आणि जास्त वर्षं अडकतो, त्याच्याच बाजूने गायब होतं.

इथे समतुल्य वार्षिक खर्च ही पद्धत कामाला येते. यंत्राची आजची किंमत व्याजासकट त्याच्या आयुष्यभर समान वार्षिक हप्त्यांत वाटायची आणि त्या हप्त्यात चालवण्याचा खर्च मिळवायचा. कर्जाच्या हप्त्याचं गणित ते हेच, फक्त हप्ता महिन्याऐवजी वर्षाचा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ही रीत शिकवण्यात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक यूजीन ग्रँट यांच्या १९३० सालच्या पाठ्यपुस्तकाचा मोठा वाटा आहे, पण ती वापरायला पाठ्यपुस्तक लागत नाही. एक्सेलमध्ये एक ओळ पुरते:

```
=PMT(12%,5,-180000)
=PMT(12%,10,-450000)
```

व्याजदर १२ टक्के, पुढे वर्षं, त्यापुढे किंमत. पहिल्या ओळीचं उत्तर सुमारे ४९,९०० येतं, दुसरीचं ७९,६००. हातानेही पडताळता येतं. पाच वर्षं दर वर्षअखेर एक रुपया मिळणार असेल, तर १२ टक्क्यांनी त्याची आजची किंमत ३.६० रुपये होते. दहा वर्षं मिळणार असेल तर ५.६५. यंत्राची किंमत त्या आकड्याने भागायची. ५ आणि १० ने भागण्याऐवजी ३.६० आणि ५.६५ ने भागायचं, एवढाच काय तो फरक. आयुष्य दुप्पट असूनही भाजक दुप्पट झालेला नाही, हे इथे नजरेत भरायला हवं. लांबच्या वर्षांचं वजन कमी असतं.

आता बेरीज करू. पिस्टनचा हप्ता ४९,९०० आणि चालवण्याचे २,७५,०००, मिळून वर्षाला ३,२४,९००. स्क्रूचा हप्ता ७९,६०० आणि चालवण्याचे २,५०,०००, मिळून ३,२९,६००. म्हणजे सोळा हजारांनी जिंकणारा स्क्रू आता जवळपास पाच हजारांनी हरला. आयुष्य वेगवेगळं असूनही ही तुलना चालते, कारण दोन्ही बाजूंना एका वर्षाच्या हवेचा भाव आहे. खात्री करायची तर दहा वर्षांची पूर्ण साखळी मांडून बघावी. आज एक पिस्टन, पाच वर्षांनी त्याच किमतीला दुसरा, आणि दहा वर्षांचं वीजबिल, सगळं आजच्या किमतीत आणलं तर सुमारे १८ लाख ३६ हजार होतात. स्क्रूचे तसेच १८ लाख ६३ हजार. सत्तावीस हजारांचा फरक ५.६५ ने भागला की तेच वर्षाचे पाच हजार हाती लागतात. आयुष्यं ५ आणि १० असली तर ही साखळी सोपी पडते. ७ आणि ११ असली तर दोन्ही साखळ्या एकत्र संपायला ७७ वर्षं मांडावी लागतील. वार्षिक हप्त्याच्या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की तो खटाटोप वाचतो.

जुनं यंत्र शेवटी विकून जे पैसे येतील, ते वजा करायला हवेत. पण त्यावर फार घासाघीस करण्यात अर्थ नाही. पिस्टन पाच वर्षांनी २०,००० ला गेला तर वर्षाला सुमारे ३,१०० रुपये कमी होतात. स्क्रू दहा वर्षांनी ५०,००० ला गेला तर २,८००. अडीच पट भंगार किंमत असूनही फायदा कमी, कारण ती दहा वर्षं लांब आहे. निकाल हलत नाही.

निकाल हलतो तो वेगळ्याच ठिकाणी, आणि तिथे मुरलेले हिशेबनीसही चुकतात. वरच्या गणितात वीज दहाही वर्षं ९ रुपये धरली आहे. पिस्टन पाच वर्षांनी पुन्हा १,८०,००० ला मिळेल असं धरलं आहे. मिस्त्री आणि सुटे भागही आजच्याच दराने. आणि व्याज मात्र १२ टक्के. पण बँक १२ टक्के मागते त्यात महागाईची भरपाई आधीच धरलेली असते. पुढच्या वर्षी परत येणारा रुपया आजच्यापेक्षा हलका असेल हे ओळखूनच तो दर ठरतो. म्हणजे हिशेबात व्याजाच्या बाजूला महागाई आहे आणि खर्चाच्या बाजूला नाही. अशा मिश्रणात पुढचे खर्च आणि पुढची बचत दोन्ही वाजवीपेक्षा लहान दिसतात, आणि आज कमी पैसे मागणारं यंत्र फुकटचं पुढे जातं.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. एक, दरवर्षीचा वीजदर, मजुरी आणि पाच वर्षांनंतरची पिस्टनची किंमत वाढवत नेऊन पूर्ण तक्ता मांडायचा. महागाई ५ टक्के धरली तर तो दुसरा पिस्टन १,८०,००० ला नाही, सुमारे २,३०,००० ला पडेल. दुसरा मार्ग सोपा आहे. सगळे खर्च आजच्या भावात ठेवायचे आणि व्याजातून महागाई काढायची. १.१२ भागिले १.०५, म्हणजे १.०६६७. खरं व्याज ६.६७ टक्के. नुसती वजाबाकी करून ७ धरले तरी फार बिघडत नाही, पण भागाकार अचूक आहे.

६.६७ टक्क्यांनी हप्ते पुन्हा काढले तर पिस्टनचा ४३,५०० येतो आणि स्क्रूचा ६३,१००. चालवण्याचा खर्च मिळवला की पिस्टन ३,१८,५०० आणि स्क्रू ३,१३,१००. स्क्रू साडेपाच हजारांनी पुढे! यंत्रं तीच, कोटेशनं तीच, बँकही तीच. व्याज आणि महागाई एका पातळीवर आणली आणि निकाल फिरला. हा दुसरा निकाल खरा मानायला हवा, कारण आजच्या भावातल्या खर्चाला आजच्या भावातलंच व्याज लावलं आहे. समतुल्य वार्षिक खर्च हा हप्ता आजच्या रुपयांत स्थिर असतो. पाच वर्षांनी यंत्र बदलतानाही तोच हप्ता चालू राहणार, या कल्पनेवरच पद्धत उभी आहे. भाव वाढत असताना रोख रकमेतला हप्ता मात्र कसा काय तोच राहील?

तरीही सव्वातीन लाखांच्या आतबाहेरच्या वार्षिक खर्चात पाच हजारांचा फरक म्हणजे दीड-पावणेदोन टक्के. इतक्या जवळच्या निकालावर स्क्रूचा हट्ट धरण्यात शहाणपण नाही. अशा वेळी सूत्र बाजूला ठेवून आत घातलेले आकडे तपासायचे. यात सगळ्यात जड आकडा विजेचा आहे. दोन यंत्रांत ४,५०० युनिटांचा फरक, म्हणजे वीजदर रुपयाने वर-खाली झाला की ४,५०० रुपये इकडचे तिकडे होतात. म्हणून बिलातला दर नीट घ्यावा. महावितरणच्या बिलात वीज आकाराबरोबर वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क असतं. वापर वाढला की हे वाढतात, म्हणून ते दरात धरायचे. स्थिर आकार दोन्ही यंत्रांना सारखाच बसत असेल तर तो तुलनेत येतच नाही. एकूण बिल भागिले युनिट असा सरासरी दर काढला तर स्थिर आकारही त्यात मिसळतो आणि वीज वाचवणाऱ्या यंत्राची बचत फुगते.

मग युनिटं. विक्रेत्याच्या पत्रकातली युनिटं पूर्ण भारावरची असतात आणि फाउंड्री क्वचितच पूर्ण भारावर चालते. प्रेशर स्विचवर चालणारा पिस्टन टाकी भरली की मोटर बंद करतो. साधा स्क्रू मात्र टाकी भरली तरी फिरत राहतो. हवा देत नाही, पण पूर्ण भाराच्या पाव ते तिसरा हिस्सा वीज घेत असतो. हवेची गरज ४० वरून २० सीएफएमवर आली असं समजू. पूर्ण भारावर दोघेही साडेबारा किलोवॉट घेतात, पिस्टन ४५ सीएफएम देतो आणि स्क्रू ६०, असं धरलं तर पिस्टनला वर्षाला सुमारे १३,३०० युनिटं लागतील आणि स्क्रूला १५,६००. वीज वाचवणारं म्हणून घेतलेलं यंत्रच जास्त वीज खाईल, शिवाय किंमतही जास्त. गरज इतकी खाली-वर होत असेल तर लहान स्क्रू किंवा गरजेप्रमाणे वेग बदलणारा स्क्रू बघावा आणि त्याचं वेगळं कोटेशन या हिशेबात तिसरं म्हणून घालावं. खरी गरज कळायला मोठं उपकरण लागत नाही. कामाच्या दिवशी तासभर कॉम्प्रेसरजवळ घड्याळ घेऊन उभं राहायचं आणि किती मिनिटं तो भारावर होता, किती मिनिटं रिकामा, हे टिपून घ्यायचं.

जुना कॉम्प्रेसर किती हवा देतो हेही असंच मोजता येतं, आणि झीज ओळखण्याचा तो चांगला मार्ग आहे. टाकी पूर्ण रिकामी करायची, बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि यंत्र चालू करून टाकी शून्यावरून सातवर जायला किती वेळ लागतो ते बघायचं. ५०० लिटरच्या टाकीत त्यासाठी बाहेरची सुमारे ३,५०० लिटर हवा कोंबावी लागते. ४५ सीएफएम देणारा पिस्टन हे पावणेतीन मिनिटांत करतो. तोच काम करायला ३ मिनिटं ४० सेकंद लागत असतील तर यंत्र पाऊण हवाच देतं आहे आणि बाकीची गळक्या व्हॉल्व्हांतून आणि रिंगांतून परत जाते आहे. वीज मात्र जवळपास पूर्वीइतकीच चालली आहे. ही झीज हिशेबात घेतली की पिस्टनचा चालवण्याचा खर्च पाचही वर्षं सारखा राहत नाही, शेवटच्या वर्षांत चढतो. तेव्हा प्रत्येक वर्षाचा खर्च आजच्या किमतीत आणून, बेरीज करून, मगच हप्ता पाडायचा.

फाउंड्रीने दुसरी पाळी सुरू केली तर सगळंच बदलतं. विजेचा आणि देखभालीचा खर्च दुप्पट होतो, आणि यंत्राचं आयुष्य वर्षांत नाही तर तासांत संपतं हे दिसू लागतं. पिस्टन पाचऐवजी तीन वर्षांत थकेल, स्क्रू आठ वर्षं काढेल असं धरू. आधीच्या १२ टक्क्यांनी, म्हणजे पिस्टनला झुकतं माप देणाऱ्या हिशेबानेही, पिस्टन वर्षाला ६,२५,००० ला पडतो आणि स्क्रू ५,९०,६०० ला. फरक ३४,००० च्या वर. इथे निकालाबद्दल शंका उरत नाही. म्हणूनच एका कारखान्याचा अनुभव ऐकून दुसऱ्याने यंत्र घेऊ नये. पाळ्या वेगळ्या असल्या की उत्तरही वेगळं.

पद्धतीची एक अट मात्र कधी विसरू नये. संपल्यावर तसंच यंत्र पुन्हा घेतलं जाईल आणि काम चालू राहील असं ती धरून चालते. फाउंड्रीकडे एकाच ग्राहकाचं चार वर्षांचं काम असेल, किंवा जागा भाड्याची असून करार पाच वर्षांत संपणार असेल, तर स्क्रूची शेवटची पाच वर्षं त्या मालकाच्या उपयोगाची नाहीत. तिथे हप्त्यांची तुलना न करता दोन्ही यंत्रांचा पाच वर्षांपुरता हिशेब मांडायचा, आणि पाच वर्षांनी निम्मं आयुष्य शिल्लक असलेला स्क्रू बाजारात खरोखर कितीला जाईल ते आजच विचारून घ्यायचं. आयकराचंही तसंच. यंत्रांवर साधारण १५ टक्के दराने घटत्या किमतीवर घसारा मिळतो आणि वीज-देखभाल त्याच वर्षी पूर्ण वजा होते. नफ्यात असलेल्या कारखान्याला त्यामुळे महाग यंत्राची सवलत उशिरा मिळते आणि जास्त चालवणखर्चाची लगेच. निकाल काठावर असेल तर कर धरून आकडे पुन्हा काढावे.

हाच हप्ता आणखी एका प्रश्नाला उत्तर देतो, आणि तो प्रश्न कारखान्यात जास्त वेळा येतो. आधीपासून असलेला जुना पिस्टन कधी बदलायचा? त्याची मूळ किंमत आता विसरायची, ती परत येणार नाही. आज विकला तर २५,००० येतात, वर्षाने विकला तर १५,०००. ६.६७ टक्के व्याज धरलं तर एक वर्ष ठेवून घेण्याची किंमत सुमारे ११,७०० होते. या वर्षी वीज आणि दुरुस्ती मिळून २,९८,००० लागतील असा अंदाज असेल तर एकूण ३,०९,७००. नव्या स्क्रूचा वार्षिक भाव ३,१३,१०० आहे, तेव्हा जुना अजून एक वर्ष चालवावा. पुढच्या वर्षी हेड उघडून व्हॉल्व्ह प्लेट आणि रिंगा बदलायच्या असतील, आणि टाकी भरायचा वेळ वाढल्यामुळे आजच्या भावात चालवण्याचा खर्चच ३,१५,००० वर जाणार असेल, तर ते हेड उघडण्याआधी स्क्रूची ऑर्डर द्यावी.